मंगळवारचा भात

मनाच्या आजारांवर काम करणाऱ्या संस्थेनं उषाबाई हटवारला दिलेलं नाव होतं 'मनमित्र'. गावानं ते आठ दिवसांत मोडीत काढलं आणि तिला 'मनवाली' करून टाकलं. ही मनवाली पंचेचाळीस वर्षांची, दहावी पास, नवरा केवळराम धान करतो आणि उरल्या वेळात धरणात जाळं टाकतो. भंडाऱ्याला पंधरा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन ती परत आली, तेव्हा केवळरामनं विचारलं होतं, "आता तू लोकायच्या डोक्यातलं पाहशीन का?" ती म्हणाली, "डोक्यातलं नाई दिसत. विचारा लागते."

विचारायचं म्हणजे नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागलं नाही असं किती दिवस झालं, उदास वाटलं का, झोप, थकवा, भूक, असे एकामागून एक. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. बेरीज दहा किंवा वर गेली, की ते माणूस उषाबाईच्या वहीत. मग दर आठवड्याला एक भेट. भेटीत उपदेश करायचा नाही, ही पहिली शिकवण, आणि आपल्याकडे उपदेश न करता बसणं हे किती अवघड ते सांगायला नको. त्या माणसाला पूर्वी जे करावंसं वाटायचं त्यातलं एक लहानसं काम निवडायचं, ते पुन्हा सुरू करायचं, आणि पुढच्या आठवड्यात त्याबद्दल बोलायचं. एवढंच.

गाव पवनीच्या पलीकडलं. जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, त्या बदल्यात मिळालेलं हे नवं. रस्ते फुटपट्टीनं आखल्यासारखे, घरं रांगेत, आणि घराची ओळख म्हणजे प्लॉटचा नंबर. जुन्या गावात जनाबाई गभण्यांचं घर विचारलं तर कोणीही म्हणायचं, बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या पाळीवर, आंब्याखाली. इथं त्या प्लॉट सत्तेचाळीस.

जनाबाईंचा नवरा नव्या गावात आला आणि दुसऱ्याच वर्षी गेला. मुलगा पुण्याकडे कंपनीत, दिवाळीला येणारा. उषाबाईनं पहिल्यांदा नऊ प्रश्न विचारले तेव्हा बेरीज सोळा आली. भुकेच्या प्रश्नाला जनाबाई म्हणाल्या होत्या, "एकटीसाठी कोण चूल पेटवते, माय? चहा-टोस्ट खाल्लं का दिवस जाते."

म्हणून काम ठरलं ते भाताचं. रोज एक वेळ, मूठभर का होईना, ताजा भात रांधायचा. बाई जुन्या गावात लग्नाकार्यात भात उतरवायला बोलावली जायची, इतका तिचा हात. उषाबाईनं मंगळवार धरला. पहिल्या मंगळवारी चूल थंड. दुसऱ्या मंगळवारी थंड. तिसऱ्या मंगळवारी ती दारात पोचली आणि वाफेचा वास आला. उषाबाईला इतकं बरं वाटलं की तिनं ओट्यावर बसूनच वहीत लिहिलं: स्वयंपाक सुरू, सुधारणा आहे.

तेव्हापासून सहा महिन्यांत एक मंगळवार चुकला नाही. ती जायची, चूल ऊन असायची, भात झाकलेला असायचा. मग जनाबाई चहा ठेवायच्या आणि निळ्या काठाच्या कपात उषाबाईला द्यायच्या. घरात तसा तो एकच कप होता, बाकी स्टीलचे पेले. एकदा उषाबाईनं पेला उचलला तर जनाबाईंनी तिच्या हातातून काढून घेतला. "तो नाई. थो कप तुहा हाय." बाकी गप्पा जुन्या गावच्या. कोणाच्या बांधावर जांभूळ होतं, बोडीत पहिला मासा कोण धरायचा, कोणाची म्हैस कोणाच्या परसात घुसायची. उषाबाई ऐकायची. प्रशिक्षणात ऐकायला सांगितलं होतं, पण खरं सांगायचं तर तिला ते आवडायला लागलं होतं. तिची आई लवकर गेली होती.

मग आलं मूल्यमापन.

आता या गावाचा आणि सर्व्हेचा संबंध नीट समजून घ्यायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. या लोकांनी उभ्या आयुष्यात देव कमी आणि सर्व्हेवाले जास्त पाहिले होते. धरणासाठी घरं मोजली गेली, झाडं मोजली गेली, विहिरी मोजल्या गेल्या. ज्यानं खरंखरं सांगितलं की आंबा जुना झाला, आता फळ देत नाही, त्याचा आंबा मोबदल्याच्या कागदावर जळाऊ लाकूड झाला. ज्यानं विचार करून सांगितलं, त्याचा आंबा फळझाड राहिला. तेव्हापासून या गावात शहाण्या माणसाची व्याख्या एकच. कागद घेऊन कोणी दारात आलं की आधी पाहायचं, या कागदावर कोणाचं काय अवलंबून आहे, आणि मग तोंड उघडायचं. दुधानं तोंड भाजलेली माणसं ती. ताक फुंकणारच.

सप्टेंबरात भंडाऱ्याहून दोन मुली टॅब घेऊन आल्या. तेच नऊ प्रश्न पुन्हा विचारायचे आणि सहा महिन्यांत गुण किती उतरले ते पाहायचं. नियम कडक होता: विचारणारी बाहेरची हवी, आणि मनमित्रानं तिथं थांबायचं नाही. नियम करणाऱ्यानं मात्र नवं गाव पाहिलं नव्हतं. नंबर पुसलेले, कुत्री मोकळी, आणि अनोळखी पोरींना कोणी दार उघडेना. पहिला दिवस वाया गेला. दुसऱ्या दिवशी उषाबाई त्यांना घेऊन निघाली. दारात ओळख करून द्यायची आणि ओट्यावर बसून राहायची. मुली आत, उषाबाई बाहेर, मधलं दार उघडं. टॅबवर शेवटी एक रकाना होता, प्रश्न विचारताना दुसरं कोणी हजर होतं का. मुलीनं उषाबाईकडे पाहिलं. उषाबाई म्हणाली, "मी घरात नोती ना." मुलीनं 'नाही' दाबलं. तिला अजून चौदा घरं करायची होती.

जनाबाईंची बेरीज आली दोन.

पाचाच्या खाली गुण आले की भेटी बंद, नव्या माणसाला जागा, असा कार्यक्रमाचा नियम होता. उषाबाई शेवटच्या मंगळवारी गेली ती मिरवतच गेली. "मावशी, तू पास झाली. आता मी दर मंगळवारी नाई येत. बाजूच्या गावात लई बाया हायेत."

जनाबाईंनी चुलीकडे पाहिलं. मग हसल्या. "तू पास झाली ना? मंग झालं."

उषाबाईला त्यात वेगळं काही वाटलं नाही. तिनं चहा घेतला, कप धुऊन फळीवर ठेवला आणि निघाली.

नोव्हेंबरात मोना आली. मोना मूल्यमापनवाल्यांचीच, पण हिच्याकडे टॅब नव्हता. गुण पाहून चोवीस माणसं निवडली होती, काही खूप सुधारलेली, काही होती तिथंच, काही खालावलेली, आणि त्यांच्याशी तिला तास-तासभर बोलायचं होतं. परवानगी घेऊन, मोबाईलवर रेकॉर्ड करून. मोनाला कोणाची सोबत लागली नाही. ती पवनीच्याच बाजूची, बोलीत बोलणारी, घर शोधत शोधत एकटी हिंडली. उषाबाईला ती फक्त चौकात दिसली.

डिसेंबरात जनाबाई गेल्या.

दोन दिवस दार उघडलं नाही म्हणून शेजारच्या सीताबाईनं हाका मारल्या. ताप होता म्हणे. अंगात काही नव्हतंच, म्हातारं माणूस, थंडी कडक, असं लोक बोलले. मुलगा आला, सगळं केलं, कुलूप लावून गेला. उषाबाई मातीला गेली होती. अंघोळ घालताना तिनं जनाबाईंचा दंड धरला आणि तिच्या बोटांचा वेढा पुरा बसला. एवढी बारीक कधी झाली ही? ती घरी येऊन केवळरामला एवढंच म्हणाली, "बरी होती गा. दोन गुण होते तिचे."

फेब्रुवारीत पवनीला बैठक झाली. अहवाल छापण्याआधी काम करणाऱ्यांना निष्कर्ष दाखवायचे आणि चुकत असेल तर विचारायचं, अशी ती बैठक. पंधरा मनमित्र, कार्यक्रमाचे समन्वयक राजकुमार, मोना, आणि मूल्यमापन करणारे चंद्रकुमार साखरवाडे सर. सर कॉलेजात शिकवायचे. आवाज हळू, चष्मा सारखा पुसायची सवय.

आधी आकडे आले. दुसऱ्यांदा मोजलेली माणसं एकशे शह्याऐंशी. सरासरी गुण साडेचौदावरून सव्वापाचावर. एकशे एकवीस जण पाचाच्या खाली, म्हणजे कार्यक्रमाच्या भाषेत बरे. टाळ्या पडल्या. राजकुमार उठून म्हणाला, "देणगीदारांना हेच पाठवू. मुलाखती मागे परिशिष्टात टाका सर, कोणाला वाचायच्या त्यानं वाचाव्या."

"परिशिष्टात नाही," सर म्हणाले. "अहवाल एकच आहे. आकडा आणि बोलणं एका पानावर ठेवायचं ठरलं होतं."

त्यांनी पडद्यावर एक तक्ता लावला. एकेका माणसाची एकेक ओळ. नाव नाही, फक्त खूण. डावीकडे आधीचे गुण आणि नंतरचे गुण, मधे त्याच माणसाचे मुलाखतीतले शब्द, उजवीकडे एक शब्द: जुळते, किंवा जुळत नाही. खूप सुधारलेल्या दहा जणांपैकी चार ओळींपुढे 'जुळते' होतं. एक बाई पुन्हा बाजारात जायला लागली होती, एक म्हातारा नातवाला शाळेत सोडत होता. सहा ओळींपुढे 'जुळत नाही'.

"सहा जणांवरून एकशे शह्याऐंशींचं काही सांगता येत नाही," सर म्हणाले. "पण आकड्यावर विसंबावं की नाही, एवढं विचारायला सहा पुरेत. हे लोक आम्हाला एक बोलले आणि टॅबवर दुसरं. का, ते मला कळत नाही. वाचतो."

सर एकेक ओळ वाचत गेले. चौथी ओळ आली. आधी सोळा, नंतर दोन.

"थ्या पोरीले मी बरं हाय म्हणून सांगतलं. आमची बाई बाहेर बसून होती. तिची परीक्षा होती थे. तिचे मार्क आपण काहून कापावे? मंगळवारी मी भात रांधत होती, तिले दिसावा म्हणून. बाकी दिवस कोण रांधते? आता तं थे येतच नाई. निळ्या काठाचा कप तसाच हाय फळीवर."

उषाबाईच्या हातातला कागद खाली पडला. शेजारची बाई तो उचलायला वाकली, उषाबाई नाही वाकली. तिला वाफेचा वास आला, तिसऱ्या मंगळवारचा. मग सगळे मंगळवार एकापाठोपाठ आले, ऊन चूल, झाकलेला भात, आणि आपण वहीत दर वेळी लिहिलेली तीच ओळ. सव्वीस वेळा लिहिली होती. बुधवारी ती एकदाही गेली नव्हती. शुक्रवारी नाही, रविवारी नाही. आठवड्यातले सहा दिवस ते घर तिनं पाहिलंच नव्हतं.

"सर," ती म्हणाली, "ही कोण हाय?"

"नाव सांगता येत नाही, उषाताई."

"जनामावशी हाय. गेली थे."

सरांनी चष्मा काढला. मोनानं मान खाली घातली आणि तिच्या मांडीवरच्या वहीवर पाणी पडलं. तिनं मुलाखतीच्या दिवशी विचारलं होतं, जगणं नको वाटतं का; जनाबाई 'तसं काई नाई' म्हणाल्या होत्या, म्हणून तिनं संस्थेला तातडीचा फोन केला नव्हता. पण वहीत तिनं लिहिलं होतं, पुन्हा कोणीतरी जायला हवं. ती वही मुलाखतींच्या गठ्ठ्यात राहिली. मुलाखती उतरवून व्हायला जानेवारी उजाडला, आणि तोवर गुणांचा कागद एका टेबलावर, मुलाखतींचा दुसऱ्या. दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा बाई जाऊन महिना झाला होता.

राजकुमार वाईट माणूस नव्हता. त्याला अठरा गावांचं काम चालू ठेवायचं होतं. तो हलकेच म्हणाला, "सर, प्रत्येक फॉर्मवर 'दुसरं कोणी हजर नाही' असंच आहे. म्हाताऱ्या माणसाला कधी काय आठवतं, कधी काय. एका वाक्यावर आकडे पाडायचे का?"

सर म्हणाले, "फॉर्म खरा असेल तर नाही पाडता येणार."

खोलीत पंधरा मनमित्र होत्या आणि पंधराही जणींनी जमिनीकडे पाहिलं. उषाबाई गप्प राहिली असती तर तिला कोणी काही म्हणालं नसतं. आकडा उभा राहिला असता, काम पुढं चाललं असतं, तिच्या वहीत आता असलेल्या नऊ बायांकडे ती जात राहिली असती. हे सगळं तिला कळत होतं. तिच्या गावानं तर तिला जन्मभर हेच शिकवलं होतं, कागदावर कोणाचं काय अवलंबून आहे ते आधी पाहावं.

ती उभी राहिली. "मी होती सर. दर घरी होती. ओट्यावर बसली होती, दार उघडं होतं. पोरीले मीच म्हटलं, घरात नाई म्हणून. फॉर्म खोटा हाय."

मग मागून एक जण म्हणाली, मी पण. मग अजून एक.

बैठक संपल्यावर सर तिच्याजवळ येऊन बसले. त्यांना एक विचारायचं होतं आणि ते जड जात होतं. "उषाताई, त्या कपावरून तुम्ही ओळखलंत. म्हणजे ते वाक्य छापता येणार नाही. आम्ही शब्द दिलेला असतो, कोणी ओळखू येणार नाही असा. ती बाई गेली तरी शब्द राहतो. कप काढावा लागेल."

"काढा," उषाबाई म्हणाली. मग तिनं विचारलं, "तिचे दोन गुण? थे बदलते का?"

"नाही. तिनं जे सांगितलं ते तसंच राहतं. फक्त शेजारी लिहितो, की हे मानू नका, आणि का मानू नका."

एप्रिलात अहवाल आला. जाडजूड, रंगीत मुखपृष्ठ. बाराव्या पानावर एकशे एकवीस बरे झालेले, त्यात जनाबाई आहेत. एकतिसाव्या पानावर तक्ता, त्यात चौथ्या ओळीत भात आहे, कप नाही. खाली सरांनी लिहिलं होतं: मनमित्र जवळ बसून असल्यानं सुधारणा असावी त्याहून मोठी दिसते, नेमकी किती मोठी ते सांगता येत नाही. लोकांनी मनमित्रासाठी उत्तरं दिली, यावरून त्यांना तिची भेट किती हवी होती तेही दिसतं. केवळ गुण पाहून भेटी थांबवू नयेत.

देणगीदारांनी अहवाल वाचला. ज्या गावांतले फॉर्म चुकीचे भरले गेले, तिथलं काम पुन्हा मोजणी होईपर्यंत थांबवायचं, असं पत्र आलं. नव्या गावाचं नाव त्यात पहिलं होतं. राजकुमारनं फोनवर सांगितलं, सांगताना दोनदा थांबला. उषाबाई म्हणाली, "बरोबर हाय सर," आणि वही नेऊन दिली.

केवळराम त्या संध्याकाळी जाळं विणत बसला होता. तो म्हणाला, "खरं बोलून काय भेटलं तुले?" त्यात टोमणा नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. उषाबाई आत जाऊन भांडी घासत राहिली, घासलेलीच पुन्हा घासत राहिली, आणि मग रडली. जनाबाई गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती.

पुढचा शुक्रवार. शुक्रवारी ती कधीच कोणाकडे जात नसे. दुपारी साडेबाराला ती सत्तेचाळीस नंबरच्या कुलपापुढून गेली आणि अठ्ठेचाळीसच्या दारात उभी राहिली. सीताबाई खाटेवर पडल्या होत्या. त्यांचेही गुण सप्टेंबरात तीन आले होते, आणि भेटी थांबेपर्यंत त्यांच्याकडे उषाबाईचा वार गुरुवार होता.

सीताबाई गडबडीनं उठल्या, पदर सावरला. "आज कशी काय? आज तं गुरुवारही नाई."

"गुरुवार तं तवाच बंद झाले मावशी. आता कामच बंद झालं. अशीच आली."

"मी बरी हाय माय. एकदम बरी हाय."

"हो," उषाबाई म्हणाली. ती खाटेजवळ बसली नाही. सरळ चुलीपाशी गेली, उकिडवी बसली आणि राखेत हात घातला. राख थंडगार होती. खालपर्यंत थंड.

उषाबाईनं राख बाजूला सारली, दोन काड्या आडव्या मांडल्या, आणि मागं न वळता विचारलं, "तांदूळ कोठं ठेवते, मावशी?"